खोकं ७२चं की ६०चं? बिल जुळतंय, पार्टीचं खातं जुळतंय, स्टॉक मात्र ३० डझनाने खोटा

वहीवाला_सांगली (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. आमचं स्टेशनरीचं होलसेल आहे, मेन माल शाळेच्या वह्या. एकाच आयटमची गोष्ट सांगतो, २०० पानी एकेरी लाइन वही. कंपनी माल खोक्यात पाठवते पण रेट डझनाचा लावते, दुकानदार ऑर्डर डझनात देतात आणि शाळा थेट नगावर येतात, "४१० वह्या द्या" असं. म्हणजे एकाच मालाला तीन भाषा. आजवर खोक्यात ७२ वह्या म्हणजे ६ डझन असायच्या, त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये १ खोकं = ७२ नग असं मास्टरला टाकून ठेवलंय, वर्षानुवर्षं तेच चालू.

सीझनला पहिला लोड आला ४० खोकी, नंतर दुसरा आला ३० खोकी. दोन्ही मिळून आत्तापर्यंत २५० डझन विकले. कॉम्प्युटर म्हणतो शिल्लक १७० डझन, खोक्यात दाखवलं तर २८ खोकी २ डझन. गोदामात पोराने मोजली तर २८ खोकी. मी म्हटलं दोन डझनाचा फरक आहे, कुणीतरी चलन न करता दिल्या असतील, सीझनला होतं असं, सोडून दिलं. मग परवा एका शाळेला माल द्यायला खोकं फोडलं तर आत पाचच डझन. दुसरं फोडलं, पाचच. तेव्हा बिल काढून बघितलं तर दुसऱ्या लोडला कंपनीने पॅकिंगच ६०चं केलंय, बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, फोन वगैरे काही नाही.

आता मास्टरला ७२चे ६० केले की झालं का? की मागचं सगळं हलेल? आणि हा फरक नक्की किती, दोन डझन की जास्त? कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणतो बिलाची टोटल पैशापर्यंत जुळलीये त्यामुळे एन्ट्री बरोबरच आहे.

---

सोल्युशन_सम्या

सोप्पंय भाऊ. मास्टरला ६० करून टाका. आणि कायमचा इलाज हवा असेल तर आयटमचं मेन युनिटच खोकं करा, दशांश दोन ठेवा. डझन, नग सगळं त्यातून निघतं, कॉम्प्युटर आहे कशाला मग. माझ्या मेव्हण्याच्या साबणाच्या एजन्सीत असंच आहे, काही प्रॉब्लेम नाही.

---

गोदाम_मास्तर

वहीवाले दादा, आधी एक करा, मास्टरला हात लावू नका. हात लावायचाच असेल तर डेटाचा बॅकअप घ्या आणि त्या कॉपीत लावा. का ते सांगतो.

पहिलं म्हणजे फरक दोन डझनाचा नाही, तीस डझनाचा आहे. तुमचेच आकडे घेऊ. पहिला लोड ४० × ७२ = २८८० नग, हा बरोबर. दुसरा लोड खरा ३० × ६० = १८०० नग, पण कॉम्प्युटरने ३० × ७२ = २१६० धरला. म्हणजे ३६० वह्या हवेतून जमा झाल्या. विक्री २५० डझन म्हणजे ३००० नग. खरी शिल्लक २८८० + १८०० − ३००० = १६८० म्हणजे १४० डझन. कॉम्प्युटरची ५०४० − ३००० = २०४० म्हणजे १७० डझन.

आता गंमत बघा. जुना माल सगळा आधी गेला आणि नव्यातली दोन खोकी गेली, म्हणून गोदामात ६०ची २८ खोकी उरली. आणि कॉम्प्युटरचे खोटे २०४० नग ७२ने भागले की येतात २८ खोकी आणि २ डझन. म्हणजे खोट्या नगांना जुन्या मापाने भागलं आणि खऱ्या नगांना नव्या मापाने भागलं, दोन्हीकडे २८च. खोकी मोजून तुम्हाला हा घोळ कधीच सापडला नसता. पोराने खोक्याऐवजी डझन मोजले असते तर त्याच दिवशी १७० विरुद्ध १४० दिसलं असतं.

डझन म्हणजे १२, हे कुणाच्या बापाला बदलता येत नाही. खोकं म्हणजे किती हे मात्र कंपनीच्या पॅकिंग खात्याच्या मर्जीवर आहे. म्हणून डझन हे माप आहे आणि खोकं हे नुसतं पॅकिंग आहे, दोघांना एका रांगेत बसवलं की हेच होणार. स्टॉक ठेवायचा नगात. खोक्यात किती हा आकडा त्या त्या खरेदी बिलाच्या ओळीवर लिहून ठेवायचा आणि तो तिथेच गोठवायचा, पुढे मास्टरला काही का होईना.

@सम्या, दोन दशांशाचं तुझं गणित करून बघ. ७२चं खोकं, एक वही विकली म्हणजे ०.०१३८ खोकं, दोन दशांशात ०.०१. एकेक करून ७२ वह्या विकल्यास तर कॉम्प्युटर ०.७२ खोकं कमी करणार. खोकं रिकामं झालं आणि कागदावर अजून २० वह्या शिल्लक. तुझ्या मेव्हण्याकडे चालतंय कारण तो पूर्ण खोकीच विकत असेल, लूज देत नसेल.

---

सोल्युशन_सम्या

हो तो पूर्णच विकतो 😅 बरं मग चार दशांश ठेवले तर?

---

गोदाम_मास्तर

घोळ लहान होईल, जाणार नाही. १ भागिले ७२ कुठेच संपत नाही. नगात ठेवलं की सगळे आकडे पूर्णांक राहतात, आणि अर्धी वही कुणी विकत नाही.

---

स्वाती_हिशोब

वहीवाले दादा, मी अकाउंट्स बघते म्हणून विचारते, दुसऱ्या बिलात रेट काय होता आणि कॉम्प्युटरला काय टाकलाय? कारण टोटल जुळली म्हणजे कुणीतरी रेट ओढूनताणून बसवलेला असणार. ७२च्या हिशोबाने डझनाचा खरा रेट टाकला असता तर टोटल जास्त आली असती.

---

वहीवाला_सांगली

ताई बरोबर ओळखलंत. बिलात रेट ३७२ रुपये डझन, एकूण १५० डझन, टोटल ५५,८००. (वह्यांवर सप्टेंबर २०२५पासून जीएसटी नाही त्यामुळे तेवढंच.) पोराने आधी ३७२ टाकलं तर टोटल ६६,९६० यायला लागली, मग त्याने ५५,८०० भागिले ३० करून खोक्याचा रेट १,८६० टाकला, टोटल जुळली, सेव्ह केलं. त्याला वाटलं कंपनीने स्कीम दिली असेल.

पहिल्या लोडचा रेट ३६० डझन होता. विक्री आमची ३४ रुपये नग.

---

स्वाती_हिशोब

मग बघा तुमचा पोरगा म्हणतो ते अर्धं खरं आहे. पार्टीचं खातं बरोबर आहे, पैसे बरोबर जाणार, वर्षअखेरीला कंपनीचं स्टेटमेंटही जुळणार. म्हणून तर ही चूक लपते. खोटं आहे ते दोनच ठिकाणी, नगात आणि नगाच्या किमतीत.

कॉम्प्युटरला वाटतंय १,८६० रुपयांत ७२ वह्या आल्या म्हणजे नग २५ रुपये ८३ पैशाला पडला. खरा पडला ३१ला. तुम्ही विकता ३४ने, म्हणजे कॉम्प्युटर तुम्हाला आठ रुपये नफा दाखवतोय आणि हातात येतायत तीन. पहिल्या लोडला ३० चा माल ३४ ला होता म्हणजे चार रुपये. कंपनीने रेट वाढवला आणि तुमचा नफा दुप्पट झाला असं कधी होतं का? आयटमवार नफ्याचा रिपोर्ट काढून त्यात मागच्या खरेदीपेक्षा ज्याचा पडता भाव एकदम घसरलाय ते आयटम बघा, पॅकिंग बदललेले सगळे तिथेच बसलेले सापडतील. मी दर महिन्याला एवढंच बघते, गोदामात जायलाही लागत नाही. उलटंही होतं हं, खोकं मोठं झालं तर पडता भाव उगाच चढलेला दिसतो आणि स्टॉक मोजणीत माल जास्त भरतो, ते तर कुणी तक्रारही करत नाही.

---

अंडी_घाऊक

वाचून मजा आली कारण आमच्या धंद्यात हे रोजचंच. अंड्याचा ट्रे ३०चा, पेटीत ७ ट्रे म्हणजे २१० अंडी. एनईसीसीचा रेट येतो शेकड्याला. आणि बाई दारात येऊन मागते डझन. ट्रे म्हणजे अडीच डझन, पेटी म्हणजे साडेसतरा डझन, डझनाने कशालाच पूर्ण भाग जात नाही. नवीन पोरगा आला की पेटीचा भाव डझनात काढताना १८ने भागतो हमखास.

आमच्याकडे म्हणून डझन हा शब्द फक्त काउंटरला, वहीत सगळं अंड्यात. फुटीचं वेगळं, ती पण अंड्यात. तुमचं बरंय, वही फुटत नाही.

---

कर_सल्ला_हवाय

माझा पण हाच प्रश्न आहे. खरेदी बिलात कंपनीने युनिट CTN लिहिलंय आणि मी विक्री DOZ मध्ये करतो, कधी PCS. तर जीएसटीआर-१ मध्ये मिसमॅच येईल का? नोटीस आली तर काय उत्तर द्यायचं? कृपया लवकर सांगा तारीख जवळ आलीये.

---

स्वाती_हिशोब

तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. जीएसटीआर-१ मधला एचएसएन तक्ता तुमच्या विक्रीचा असतो, कंपनीने तिच्या बिलात काय युनिट लिहिलं ते तिथे येत नाही. पण एकाच एचएसएनची विक्री तुम्ही अर्धी DOZ आणि अर्धी PCS मध्ये दाखवलीत तर दोन ओळी पडतात. सगळी एकाच युनिटात आणलीत तर एक ओळ आणि तुमच्या स्टॉकशी ताडून बघायलाही सोपं. बाकी या धाग्यात स्टॉकचं चाललंय, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा ना.

---

वहीवाला_सांगली

स्वातीताई, मास्तर, कळलं. आता दुरुस्ती कशी करू? सीए म्हणाले ३६० वह्यांची घट दाखवून स्टॉक जर्नल टाका आणि मोकळे व्हा.

---

स्वाती_हिशोब

सीएंना घाई असेल. घट टाकलीत तर नग जुळतील पण भाव चुकीचाच राहील. ३६० नग × २५.८३ म्हणजे ९,३०० रुपयांचा माल तुम्ही नुकसान म्हणून लिहिणार, आणि उरलेल्या खऱ्या १८०० वह्या २५.८३च्याच भावाने बसून राहणार. म्हणजे आज न झालेलं नुकसान दाखवलं आणि पुढे तेवढाच न झालेला नफा दाखवाल. शिवाय उद्या कुणी दुकानदाराने ३० रुपयाला मागितलं तर कॉम्प्युटरकडे बघून तुम्ही खुशाल "घे" म्हणाल आणि नगामागे रुपया घालवाल.

घट ही चोरी, उंदीर, पाणी यासाठी असते. इथे माल कमी झालाच नाही, आलाच नव्हता. मूळ खरेदीची एन्ट्री उघडा, १५० डझन, ३७२ दर, ५५,८०० टोटल असं करा. टोटल बदलत नाही त्यामुळे पार्टीचं खातं हलणार नाही, नग आणि भाव दोन्ही आपोआप सरळ होतील. फक्त ही एन्ट्री मागच्या आर्थिक वर्षातली असेल आणि ताळेबंद गेला असेल तर हात लावू नका, मग सीएंनाच विचारून चालू वर्षात काय ते करावं लागेल.

---

वहीवाला_सांगली

चालू वर्षातलीच आहे. केली. १४० डझन दाखवतोय आता 🙏 पण मास्टरमध्ये ७२ अजून तसंच आहे, खोक्यात बघितलं तर २३ खोकी २ डझन म्हणतो. गोदामात तर २८ आहेत.

---

गोदाम_मास्तर

बरोबर, १६८० ला ७२ने भागलं की तेवढेच येणार. आता बॅकअपच्या कॉपीत मास्टरला ६० करा आणि पहिल्या लोडचा, ४० खोक्यांचा रिपोर्ट नगात काढा. २८८० राहिले तर तुमचं सॉफ्टवेअर नग साठवतं आणि मास्टरचा आकडा फक्त पुढच्या एन्ट्रीला वापरतं, मग खुशाल बदला. पण २४०० झाले तर ते नग साठवतच नाही, दर वेळी खोक्यावरून नव्याने गुणतं, आणि मास्टर बदलला की तुमचा आख्खा इतिहास बदलतो. तसं असेल तर जुना आयटम बंद करून "२०० पानी एकेरी (६०)" असा नवा काढण्याला पर्याय नाही, कटकट आहे पण सुरक्षित आहे.

मी टॅली वापरतो. त्यात दोन रस्ते आहेत आणि लोक नको तिथे नको तो घेतात. कंपाउंड युनिट बनवलं की ते कायमचं, सगळ्या आयटमांना तेच, म्हणून ते डझन आणि नगासाठी ठीक. खोक्यासाठी आयटमवरचं अल्टरनेट युनिट वापरायचं, ते आयटमपुरतं असतं आणि एन्ट्री करताना त्या बिलापुरतं प्रमाण वेगळंही टाकता येतं. मी मेन युनिट डझन-नगाचं कंपाउंड ठेवलंय आणि अल्टरनेटला खोकं. कुणीतरी "७२चं खोकं", "६०चं खोकं", "४८चं खोकं" अशी कंपाउंड युनिटंच बनवत सुटतं, मग यादी उघडली की कुठलं निवडायचं ते ऑपरेटर नशिबावर सोडतो.

---

एक्सेल_आमचं_दैवत

आमच्याकडे टॅली फक्त बिलाला, स्टॉक एक्सेलमध्ये. नगातून खोकी-डझन-नग काढायला हे वापरतो, E2 मध्ये नग:

```
=INT(E2/60)&" ctn "&INT(MOD(E2,60)/12)&" dz "&MOD(E2,12)&" pc"
```

मस्त चालतं. कुणाला हवं तर घ्या.

---

गोदाम_मास्तर

६०ला चालतं कारण ६० हे १२च्या पाढ्यात आहे. पेनचं खोकं, रबराचं खोकं ५०चं असतं तिथे घाला बरं. १६८७ नग टाका आणि ६०च्या जागी ५० करा. येईल ३३ खोकी ३ डझन ७ नग. उलट जोडून बघा, १६५० + ३६ + ७ = १६९३. सहा नग जादा. शेवटचा भाग अख्ख्या आकड्यावरून नाही, खोकी काढून उरलेल्यावरून घ्यायचा:

```
=INT(E2/D2)&" ctn "&INT(MOD(E2,D2)/12)&" dz "&MOD(MOD(E2,D2),12)&" pc"
```

D2 मध्ये त्या ओळीचं पॅकिंग. आता ३३ खोकी ३ डझन १ नग येईल. आणि ६० हा आकडा फॉर्म्युल्याच्या पोटात घालू नका, पुढच्या वेळी कंपनीने बदलला की कुणालाच सापडत नाही.

---

एक्सेल_आमचं_दैवत

आयला. आमच्या पेनांमध्ये दर महिन्याला थोडा थोडा फरक येतो तो हाच का मग… बघतो.

---

लाइनवरचा_विक्या

मी सेल्समन आहे, माझं दुखणं सांगू का. ऑर्डरबुकात आम्ही लिहितो ५.६, म्हणजे ५ डझन ६ नग, अख्ख्या बाजारात असंच लिहितात. ऑफिसला नवीन मॅडम आल्या, त्यांनी सगळं एक्सेलला टाकलं आणि १२ने गुणलं. ५.६ चे झाले ६७.२. पाहिजे होते ६६. त्यांनी ६७ धरले, एक वही जास्त गेली, कुणी बोललं नाही. पण एकाची ऑर्डर होती ५.१०, पाच डझन दहा. एक्सेलने शेवटचं शून्य खाल्लं, ५.१ केलं, झाल्या ६१.२. त्या दुकानदाराला ९ वह्या कमी गेल्या आणि शिव्या मी खाल्ल्या.

---

स्वाती_हिशोब

😂 विक्या, हे तर सगळ्यात वाईट, कारण ५.१ आणि ५.१० एकदा एक्सेलमध्ये गेले की परत वेगळे करताच येत नाहीत. ५-१० असं लिही, पण ते एक्सेलला टाकताना सेल टेक्स्ट केलेला पाहिजे नाहीतर त्याची तारीख करून टाकतो. खरं तर डझनाचा एक कॉलम आणि सुट्याचा दुसरा, यासारखं काही नाही.

---

लाइनवरचा_विक्या

दोन कॉलमचं सांगतो मॅडमना. अजून एक, व्हॉट्सॅपवर ऑर्डर येते "२० एकेरी, १० चौकट, ५ दुरेघी" बस. २० काय, डझन का खोकी का नग? जुना गिऱ्हाईक असेल तर कळतं, नवीन असेल तर फोन लावायचा आणि तो उचलत नाही.

---

वहीवाला_सांगली

आमच्याकडे नियम असा की काही लिहिलं नाही तर डझन. पण शाळेची ऑर्डर असेल तर नग. त्यामुळे शाळेच्या शिपायाने दुकानाच्या नावाने ऑर्डर दिली की गेलं.

---

सोल्युशन_सम्या

मी सुचवू का, बिल बनवायच्या आधी उलट मेसेज टाका, "२० डझन = २४० वह्या, बरोबर?" दोन्ही आकडे समोर दिसले की माणूस लगेच बोलतो. हे मी स्वतः करतो, हे तरी बरोबर आहे ना मास्तर 😄

---

गोदाम_मास्तर

एकदम बरोबर. शंभर टक्के.

आणि खरेदीच्या बाजूला पण तेच करायचं. माल उतरवताना एंट्री बिल्टीवरून करू नका, बिल्टीवर "३० नग" लिहिलेलं असतं ते ट्रान्सपोर्टवाल्याचे नग म्हणजे खोकी, हमाली आणि भाडं त्यावर ठरतं, आतल्या वह्यांशी त्याला देणंघेणं नाही. बिलातला डझनाचा कॉलम आधी बघायचा, त्याला खोक्यांच्या संख्येने भागायचं. १५० डझन भागिले ३० म्हणजे ५. मागच्या वेळी ६ होते. तिथेच थांबायचं आणि एक खोकं फोडून बघायचं. टोटल जुळत नाही म्हणून रेट बदलणं ही एकच गोष्ट ऑपरेटरला बंद करायला सांगा, टोटल न जुळणं ही तक्रार होती आणि त्याने तक्रारीचंच तोंड दाबलं.

रेटचं पण, बिलात डझनाचा असेल तर डझनाचाच टाका. ३७२ला १२ने भाग जातो म्हणून तुमचं निभावलं. ३६५ असता तर नगाला ३०.४१६ आणि पुढे, ते ३०.४२ करून १८०० ने गुणलं की ५४,७५६, आणि खरं बिल ५४,७५०. सहा रुपये राउंड ऑफमध्ये टाकत बसा मग.

---

वहीवाला_सांगली

मास्तर, कॉपीत करून बघितलं, ६० केल्यावर पहिला लोड २८८०च राहिला. म्हणजे नगच साठवतंय. मग खऱ्या डेटातही मास्टर ६० केला, आता २८ खोकी दाखवतो आणि गोदामात पण २८.

पण एक नवीन अडकलंय. एका दुकानदाराने जुन्या पॅकिंगच्या वेळी ५ खोकी बुक केली होती, ॲडव्हान्सपण दिलाय. त्याला ३६० वह्या अपेक्षित. आता ५ खोकी दिली तर ३०० जातात. कॉम्प्युटर ऑर्डर पूर्ण म्हणून बंद करतोय. तो म्हणतो ६० वह्या राहिल्यात.

---

स्वाती_हिशोब

ऑर्डर पण नगात धरायला हवी होती, मग ३०० गेल्यावर ६० बाकी दिसले असते. माझ्या मते त्याचं बरोबर आहे, त्याने ३६० वह्यांचा हिशोब करून ॲडव्हान्स दिला. अजून एक खोकं द्या म्हणजे ६ × ६० = ३६०, नशीब की पूर्ण बसतंय.

---

गोदाम_मास्तर

मला नाही पटत ताई. त्याने खोकी बुक केलीत, बिल डझनाच्या रेटने होणार, त्यामुळे पैशाने त्याचं नुकसान शून्य आहे. ३० डझन हवे होते तर ३० डझन लिहायचे. आमच्याकडे खोक्यात बुक केलं तर जे पॅकिंग येईल ते, असं ऑर्डर फॉर्मवरच छापलंय.

---

स्वाती_हिशोब

छापलंय ते तुमच्या फॉर्मवर, यांच्याकडे कुठे छापलंय. आणि नुकसान कसं नाही, सहाव्या खोक्याला आता नवीन रेट लावणार ना त्याला?

---

लाइनवरचा_विक्या

ताई बरोबर बोलतायत. गिऱ्हाईक खोकी मोजत नाही, वर्गातली पोरं मोजतो.

---

अंडी_घाऊक

आमच्यात असलं भांडण लागत नाही, पेटी २१०चीच. पण मला विचाराल तर रेट कुठला लावायचा तेच खरं भांडण आहे, नग नाही.

---

वहीवाला_सांगली

अंडीवाले बरोबर बोलले, तो जुन्या रेटनेच मागतोय सहावं खोकं. डझनाला १२ रुपयांचा फरक, पाच डझनाचे ६० रुपये होतात. उद्या दुकानात येतोय तो, बघू काय म्हणतो. ऑर्डरी मात्र आजपासून नगात घ्यायला सांगितल्यात पोराला, आणि त्याने आत्ताच विचारलं की स्केचपेनचं १२चं पाकीट म्हणजे १ नग की १२ नग 🤦 याचं काय करता तुम्ही लोक?

---

गोदाम_मास्तर

ज्याला एक एमआरपी तो एक नग. पाकीट फोडून सुटे विकत असाल तर सुट्याचा आयटमच वेगळा करा, आणि पाकीट फोडलं की १ पाकीट कमी, १२ सुटे जमा अशी स्टॉक जर्नलची एन्ट्री.

---

एक्सेल_आमचं_दैवत

मास्तर पेनं बघितली. ५०चीच खोकी आहेत आणि फरक तिथूनच येतोय. पण फॉर्म्युला दुरुस्त करून पण एका आयटमला अजून ४ नगाचा फरक राहिलाय, त्यात १० + १ फ्रीची स्कीम होती. फ्रीचे नग कुठे धरायचे हे कुणी सांगेल का, की वेगळा धागा काढू?

---

स्वाती_हिशोब

वेगळा काढा, त्यात बोलू. फ्रीचं पुराण मोठं आहे.